बाटलीला हात न लावता

पहिलं चित्र तयार झालं तेव्हा क्षणभर वाटलं, जमलं. सागवानी टेबल, मागे जांभ्या दगडाची धूसर भिंत, डावीकडून उतरलेलं सकाळचं ऊन आणि मधोमध कोकम आगळाची बाटली. कुडाळजवळच्या एका ताईंचा घरगुती उद्योग आहे, त्यांच्यासाठी हे काम चाललं होतं. मूळ फोटो पांढऱ्या कागदावर काढलेला, साधा. त्याच्याभोवती कोकणातल्या घराची पडवी एआयकडून रंगवून घ्यायची होती. चित्र ताईंना पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "चित्र बरां आसा, पण ही आमची बाटली न्हय."

मग मोठं करून पाहिलं. बाटलीची मान बोटभर लांब झाली होती आणि खांदे उतरते झाले होते. लेबलावरचं 'कोकम' ओळखू येत होतं, पण 'आगळ'मधल्या 'ळ'ची वेटोळी सुटून त्याचं भलतंच काही झालं होतं. घटकपदार्थांच्या ओळींच्या जागी मुंग्यांच्या रांगा होत्या. चौकोनातल्या हिरव्या ठिपक्याचं, म्हणजे शाकाहाराच्या खुणेचं, चक्क एक पान झालं होतं. अन्न परवान्याच्या 14 अंकी क्रमांकातला एकही अंक धड नव्हता.

सजावटीच्या चित्रात हे खपून जाईल. विक्रीच्या चित्रात नाही, कारण लेबल हा कायद्याने ठरवून दिलेला मजकूर आहे. निव्वळ वजन किंवा माप, किंमत, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक या गोष्टी 2011च्या आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बांधलेल्या आहेत. आणि चित्रातली बाटली घरी आलेल्या बाटलीपेक्षा उंच दिसली, तर गिऱ्हाईक तक्रार करणारच.

मी मागणीत स्पष्ट लिहिलं होतं की बाटली आहे तशी ठेव, लेबल बदलू नकोस. तरी असं का झालं, हे कळलं की पुढचा सगळा मार्ग आपोआप ठरतो. त्यामुळे आधी थोडं यंत्राच्या पोटात शिरू.

स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रं घडवणारी प्रणाली तुमच्या फोटोवर थेट काम करत नाही. आधी ती फोटो आवळून लहान करते. फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन कल्पा. अशा एका चौकोनात 64 पिक्सेल असतात आणि प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एकूण 192 आकडे. 2022च्या मूळ स्टेबल डिफ्यूजनमध्ये या 192 आकड्यांची जागा फक्त 4 आकडे घेतात. सगळी रंगरंगोटी या आवळलेल्या रूपावर होते आणि शेवटी ते पुन्हा फुलवून चित्र बनतं. लाकडाचा पोत, कापडाची घडी, पानांची सावली अशा गोष्टी त्या 4 आकड्यांवरून झकास फुलवता येतात, कारण लाकडाची एक रेघ इकडची तिकडे गेली तरी लाकूड लाकूडच राहतं. अक्षराचं तसं नाही. 'ळ'चं एक वळण हललं की तो 'ळ' उरत नाही.

आता आमच्या बाटलीचा हिशेब करू. बाटली 24 सेंटिमीटर उंच. चित्र 1024 पिक्सेल उंचीचं आणि त्यात बाटली साधारण 720 पिक्सेल. म्हणजे प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला चित्रात 3 पिक्सेल मिळाले. लेबलावर 'कोकम आगळ' ही अक्षरं 12 मिलिमीटर उंच आहेत, म्हणजे 36 पिक्सेल, म्हणजे साडेचार चौकोन. कशीबशी तगतील. घटकपदार्थांची अक्षरं दीड मिलिमीटर, म्हणजे साडेचार पिक्सेल. अख्खं अक्षर, त्याची वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा हे सगळं एका चौकोनाच्या आत! त्या चौकोनाचे 4 आकडे आणि त्यांतून जोडाक्षर परत मिळवायचं. ते मिळणार नाही, तुम्ही कितीही विनवण्या केल्यात तरी. पुढच्या पिढीच्या फ्लक्ससारख्या प्रणालींत 4 ऐवजी 16 आकडे वापरतात, म्हणून त्यांच्यात मोठी अक्षरं बरीच नीट येतात. पण 192चे 16 ही सुद्धा आवळणीच. बारीक मजकुराची खात्री तिथेही नाही.

2025मध्ये आलेली, गप्पा मारत चित्र बदलून देणारी साधनं, गूगलचं जेमिनी किंवा ओपनएआयचं, पुष्कळ हुशार झाली आहेत. बाटलीचा फोटो देऊन हिला पडवीत ठेव म्हटलं की ठेवतात, आणि मोठं नाव बहुतेक वेळा अचूक येतं. पण लक्षात घ्या, त्यांनी बाटली ठेवलेली नसते, बाटली पाहून नवी काढलेली असते. चांगल्या नकलाकाराने केलेली नक्कल म्हणा. देवनागरी असेल आणि अक्षरं लहान असतील, तर नक्कल कुठे ना कुठे उघडी पडते.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे मास्क. बाटलीचा आकार काळा, बाकी सगळं पांढरं अशी एक सपाट प्रतिमा करायची. पांढऱ्या भागात रंगव, काळ्याला शिवू नकोस, असा तिचा अर्थ. या पद्धतीला इनपेंटिंग म्हणतात. पहिल्या फटक्यात मास्क उलटा देणं ही जवळपास दीक्षाच आहे. तसं झालं की पार्श्वभूमी जशीच्या तशी राहते आणि बाटलीच्या जागी फुलदाणी येते.

मास्क हे कुलूप आहे असा बहुतेकांचा समज असतो, माझाही होता. तसं ते नाही. काळा भाग यंत्र आवळलेल्या रूपात जपतं खरं, पण शेवटी अख्खं चित्र फुलवलं जातं आणि त्यात बाटलीही असते. म्हणजे कुणी न रंगवतासुद्धा लेबल त्या 4 आकड्यांच्या चाळणीतून एकदा गाळलं जातंच. दुरून बाटली तीच दिसते. जवळून पाहिलं की बारीक अक्षरं विरलेली, कडा मऊ झालेल्या. मास्कही त्याच 8 पिक्सेलच्या जाळीवर बसवला जातो, त्यामुळे काठाशी कुठे बाटलीचा थोडा भाग रंगवला जातो, तर कुठे जुन्या पांढऱ्या कागदाची किनार राहून जाते.

म्हणून या धंद्यातली खरी युक्ती फार जुनी आणि अगदी सोपी आहे. यंत्राने जे काही दिलं असेल, त्याच्यावर शेवटी मूळ फोटोतली बाटली पुन्हा चिकटवायची. पिक्सेलला पिक्सेल, त्याच जागी, त्याच मापाची. यंत्राने काढलेली बाटली झाकली जाते आणि तिच्याभोवतीचा प्रकाश, सावली आणि टेबल एवढंच आपल्याला हवं ते उरतं. फोटोशॉपमधला जनरेटिव्ह फिल निवडीबाहेरच्या पिक्सेलना हात लावत नाही, कारण तो नवं चित्र वेगळ्या थरावर ठेवतो. इतर बहुतेक ठिकाणी हे चिकटवण्याचं काम आपल्याला करावं लागतं. पायथनमध्ये ते एवढंच आहे:

```python
import numpy as np
from PIL import Image

def vacha(f, mode):
    return np.asarray(Image.open(f).convert(mode)).astype(float)

asal = vacha("asal.png", "RGB")
drushya = vacha("drushya.png", "RGB")
m = vacha("batli.png", "L")[..., None] / 255

final = asal * m + drushya * (1 - m)
Image.fromarray(final.round().astype("uint8")).save("final.png")
```

इथल्या `batli.png`मध्ये बाटली पांढरी आणि बाकी काळं असतं, म्हणजे इनपेंटिंगच्या मास्कच्या नेमकं उलट. जिथे पांढरं तिथे मूळ फोटो, जिथे काळं तिथे नवं दृश्य आणि काठावरच्या करड्या पिक्सेलमध्ये दोन्हींचं मिश्रण. तिन्ही फाइली एकाच मापाच्या हव्यात.

चिकटवायचंच आहे म्हटल्यावर आणखी एक फायदा पदरात पडतो. पार्श्वभूमी लहान मापात घडवून नंतर तिप्पट मोठी करता येते, 1024ची 3072. जांभ्याची भिंत तशीही धूसरच असते, मोठी केल्याने तिचं काही बिघडत नाही. मोठं झाल्यावर तिच्यावर मूळ बाटली 2160 पिक्सेल उंचीची बसवायची. फोनच्या 4032 पिक्सेल उंचीच्या फोटोत आमची बाटली 2700च्या आसपास भरत होती, म्हणजे ती थोडी लहानच करावी लागली. हे महत्त्वाचं आहे, कारण लहान करताना अक्षरं टिकतात. आता एका मिलिमीटरला 9 पिक्सेल मिळाले आणि दीड मिलिमीटरचं अक्षर साडेतेरा पिक्सेलचं झालं. वाचता येतं. मात्र मोठं करणाऱ्या एआय साधनातून बाटली कधीही काढू नये. ती साधनं नसलेले बारकावे अंदाजाने भरतात आणि अंदाजाने भरलेला परवाना क्रमांक कुणालाच नको असतो.

लेबल असं वाचलं. आकाराचं दुखणं वेगळं आहे.

मास्क देऊनही मान लांब का होते? इनपेंटिंगची यंत्रं शिकवताना फोटोंचे वाटेल तसे तुकडे झाकले जातात, कधी खुर्चीचा पाय, कधी माणसाचा खांदा, आणि झाकलेलं पूर्ण कर असं सांगितलं जातं. अशा लाखो धड्यांतून यंत्राला सवय जडते की समोर दिसणारी वस्तू अर्धी झाकलेली असणार, उरलेली आपण काढायची. आपली बाटली पूर्ण आहे हे त्याला कोण सांगणार? ते बुचावर आणखी एक बूच चढवतं, तळाखाली काचेची बैठक जोडतं, कडेला कान काढून बरणी करतं. मूळ बाटली वर चिकटवली तरी हा वाढीव भाग मास्कच्या बाहेर असतो, म्हणून तो झाकला जात नाही. लेबल शंभर टक्के खरं आणि बाटली मात्र खोटी, असा प्रकार होतो.

शब्दांचाही इथे हात असतो. दृश्याच्या वर्णनात बाटलीचं नावही घेऊ नये. यंत्राला 'बाटली' शब्द मिळाला की ते जागा दिसेल तिथे बाटली काढायला बघतं, आणि 'बाटली नको' म्हटलं तरी कानावर पडते ती बाटलीच. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर त्या तिथे लिहायच्या. ही साधनं बहुतांशी इंग्रजी वर्णनांवर शिकलेली असल्याने मी इंग्रजीतच लिहितो. आमचं अखेरचं वर्णन असं होतं:

```
Prompt: old teak tabletop, morning sunlight from the left,
blurred verandah with red laterite wall behind,
camera at table height, shallow depth of field
Negative prompt: bottle, jar, glass, label, text
```

तरीही दर काही चित्रांत एकात वाढ दिसतेच. ती पकडायची रीत अशी. ज्या साधनाने मूळ फोटोतून बाटली कापली, त्याच साधनाने नव्या चित्रातली बाटलीही कापायची आणि दोन्ही आकार एकमेकांवर ठेवायचे. नवा आकार जुन्याच्या बाहेर कुठे डोकावत असेल तर ती वाढ. दोनतीन पिक्सेलची असेल तर ब्रशने पुसता येते. बोटभर असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. ते चित्र टाकून द्यावं आणि सीड बदलून, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा बदलून, दुसरं घ्यावं. मी एका दृश्यासाठी आठदहा चित्रं काढतो आणि त्यांतलं एक वापरतो. यंत्राचा वेळ स्वस्त आहे, डोळ्याचा नाही.

दुसरा रस्ताही आहे. बाटलीशिवाय रिकामं टेबल घडवायचं आणि बाटली मागाहून ठेवायची. यात वाढीचा प्रश्नच येत नाही. पण यंत्राने बाटली पाहिलेलीच नसते, त्यामुळे टेबलावर तिची सावली नसते आणि बाटली हवेत तरंगते. सावली हाताने रंगवणारा तरबेज माणूस जवळ असेल तर हा रस्ता उत्तम. मला पहिलाच बरा वाटतो, कारण बाटली समोर दिसत असताना यंत्र सावली फार छान काढतं, बाटलीच्या तळाशी असलेली ती काळपट बारीक रेघसुद्धा. वस्तू टेकलेली वाटते ती त्या रेघेमुळे. चित्र निवडताना मी आधी तीच पाहतो.

आता मूळ फोटोकडे येऊ. बाटलीला हात लावायचा नाही असं एकदा ठरलं की फोटोतल्या चुका मागाहून सुधारायची सोय संपते, म्हणून आधी दृश्य ठरवायचं आणि मग फोटो काढायचा. ताईंनी पाठवलेला पहिला फोटो उभ्याने, वरून, फोन जवळ धरून काढलेला होता. वरून पाहिलं की बाटलीच्या तळाची कड चांगली गोलाकार दिसते. दृश्यातला कॅमेरा मात्र टेबलाच्या उंचीवर होता, तिथून तीच कड जवळपास सरळ दिसायला हवी. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण बाटली कलंडणार असं वाटत राहतं. शिवाय फोन अगदी जवळ धरला की बाटलीचं पोट फुगतं. दुसऱ्या खेपेला फोन लेबलाच्या मध्याच्या उंचीवर, दीडएक मीटर लांब, तिपाईवर लावला आणि दुप्पट झूमचं भिंग वापरलं. डावीकडे खिडकी आणि तिच्यावर पातळ पांढरा पडदा, उजवीकडे उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा.

उजेड डावीकडून घेतला कारण दृश्यातलं ऊन डावीकडून होतं. कधी उलट होतं, फोटोत उजेड डावीकडचा आणि मनासारखं जमलेल्या दृश्यात उजवीकडचा. तेव्हा दृश्य आरशासारखं उलटवावं. गडबडीत बाटली उलटवलेली मी पाहिली आहे, लेबलासकट!

आमच्या बाटलीत आणखी एक पेच होता आणि त्याने मला सगळ्यात जास्त दमवलं. आगळ गडद, जवळजवळ काळसर लाल, त्यामुळे भरलेल्या भागातून आरपार काही दिसत नाही. पण आगळाच्या पातळीपासून बुचापर्यंत चारपाच सेंटिमीटर नुसती काच. मूळ फोटोत त्या काचेतून मागचा पांढरा कागद दिसत होता. बाटली पडवीत चिकटवल्यावर मानेत तो कागद तसाच राहिला, जणू आत कुणी दूध भरून ठेवलंय. मान मास्कमधून वगळली तर यंत्र स्वतःची मान काढतं आणि आकार पुन्हा हातचा जातो.

यावरचा उपाय एआयच्या कितीतरी आधीचा आहे. ॲल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी 1996मध्ये दाखवून दिलं की एकाच वस्तूचे दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर फोटो घेतले, तर कोणता पिक्सेल किती पारदर्शक आहे हे अंदाजाने नव्हे, हिशेबाने काढता येतं. सिनेमातल्या निळ्या पडद्याच्या तंत्रावरचा तो निबंध होता. आम्ही बाटली न हलवता एक फोटो पांढऱ्या कार्डावर आणि एक काळ्या कार्डावर घेतला, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करून.

मानेवरचा एक पिक्सेल घेऊ. पूर्ण पांढऱ्याला 1 आणि पूर्ण काळ्याला 0 मानलं, तर पांढऱ्या कार्डासमोर तो 0.80 उजळ आला आणि काळ्यासमोर 0.10. फरक 0.70. म्हणजे मागून येणाऱ्या उजेडातला 70 टक्के उजेड काचेतून पार होतो आणि काचेची अपारदर्शकता 0.30. काळ्या कार्डासमोर मागून काहीच येत नाही, म्हणून तिथला 0.10 हा काचेच्या स्वतःच्या चकाकीचा. आता हीच मान जांभ्याच्या भिंतीसमोर ठेवायची. भिंतीचा उजळपणा 0.40 असेल, तर नवा पिक्सेल 0.10 अधिक 0.40चे 70 टक्के, म्हणजे 0.38. असं तिन्ही रंगांसाठी, प्रत्येक पिक्सेलला. मानेतून भिंत दिसू लागते आणि काचेवरची खिडकीची चमक जिथल्या तिथे राहते. काच तीच, तिच्यामागचं जग तेवढं बदललं.

यासाठी मागे काय आहे हे कळायला हवं, म्हणजे मानेच्या पाठीमागे खरीच भिंत रंगवलेली हवी. म्हणून या भागापुरती यंत्राने काढलेली मान पुसून तिथे आजूबाजूची भिंत भरून घेतली. या रीतीला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे फोटोच्या साध्या फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, डोळ्याला सोयीचे वळवलेले असतात. त्यामुळे हा हिशेब रॉ फाइलमधल्या आकड्यांवर करावा लागतो, नाहीतर मानेचा उजळपणा चुकतो. दुसरी अशी की काच प्रकाश वाकवते आणि हे वाकणं या हिशेबात येत नाही. मागची भिंत धूसर असल्याने आमचं निभावलं. मागे खिडकीचे गज स्पष्ट दिसत असते, तर मानेतूनही ते सरळच्या सरळ दिसले असते आणि काच खोटी वाटली असती.

इथवर आलेलं चित्र आकाराने, अक्षराने अचूक होतं, तरी एक खोट राहिली होती. पडवीतलं ऊन पिवळसर, बाटलीवरचा उजेड पांढरा. म्हणजे बाटलीचा रंग थोडा बदलायला हवा. मग 'हात न लावता' याचा अर्थ काय राहिला? माझ्यापुरती मी सीमा अशी आखली आहे. संपूर्ण बाटलीवर एकसारखा पडणारा, आकड्यात सांगता येणारा आणि उलट फिरवता येणारा फरक चालेल, उदाहरणार्थ लाल थोडा वर, निळा थोडा खाली. जिथे यंत्र पिक्सेल नव्याने काढतं तिथे थांबायचं.

पण नुसत्या पिवळसर छटेने डावी बाजू उन्हात आणि उजवी सावलीत, असा उतार येत नाही. उजेड बदलून देणारी आयसी-लाइटसारखी साधनं तो फार सुंदर आणतात, आणि लेबल पुन्हा रंगवतात. त्यांच्याकडून काम करून घ्यायची एक वाट आहे. त्यांनी दिलेलं चित्र खूप धूसर करायचं, इतकं की अक्षरं नाहीशी होऊन फक्त उजेडाचा चढउतार उरेल. मूळ बाटलीही तितकीच धूसर करायची. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की प्रत्येक जागी उजेड किती पट झाला ते कळतं, आणि त्या पटीने मूळ, तीक्ष्ण बाटली गुणायची. उजेड यंत्राचा, अक्षरं आपली. धूसरपणा कमी पडला तर अक्षरांभोवती दुहेरी कडा उमटतात, तेव्हा तो वाढवायचा.

तपासणी मात्र डोळ्यावर सोडू नये. छटा देण्याआधीचं चित्र आणि त्याच मापाला आणलेला मूळ फोटो फोटोशॉप किंवा जिंपमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थराला `Difference` लावावं. दोन पिक्सेल सारखे असतील तर वजाबाकी शून्य, म्हणजे काळं. लेबल पूर्ण काळं दिसायला हवं. अक्षरांच्या फिकट कडा दिसल्या, तर एकतर बाटली अर्ध्या पिक्सेलने सरकली आहे किंवा यंत्राचं लेबल कुठूनतरी वर आलं आहे. काळं म्हणजे खरंच काळं का, हे पाहायला उजळपणा ओढून वाढवावा. जेपीजी फाइलची बारीक वाळू दिसली तर घाबरू नये. मानेची जागा मात्र इथे काळी येणार नाही, ती आपण हेतूने बदलली आहे. मग दुप्पट मोठं करून लेबल स्वतः वाचायचं, पहिल्या अक्षरापासून.

बाटलीच्या आसपासही नजर टाकावी. आमच्या एका चित्रात यंत्राने शेजारी कोकमाची फळं ठेवली होती, पण ती दिसत होती टोमॅटोसारखी, आणि एक मँगोस्टीनसारखं. मँगोस्टीन कोकमाच्याच कुळातलं, तेवढीच काय ती जवळीक. शिवाय फळं लहान नारळाएवढी, त्यामुळे शेजारची बाटली औषधाच्या बाटलीएवढी वाटत होती. बाटलीचा एकही पिक्सेल न बदलता तिचं माप बदललं होतं. ताईंनीच यावर तोड काढली. फोटोच्या वेळी त्यांनी पाचसहा खरी आमसुलं बाटलीच्या पायथ्याशी टाकली, आम्ही तीही मास्कमध्ये घेतली. खऱ्या बाटलीशेजारी खरी आमसुलं, खऱ्या मापात. यंत्राकडे राहिली फक्त भिंत, लाकूड आणि ऊन. एक सांगायला हवं, ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य चित्र शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवरच मागतात, असलं दृश्य दुसऱ्या क्रमांकापासून पुढे चालतं. त्यामुळे पांढऱ्या कार्डावरचा फोटो वाया गेला नाही.

अखेरचं चित्र पाठवलं तेव्हा या खेपेला उत्तर यायला बराच वेळ लागला. मग फोनच आला. "लेबलाचो उजवो कोपरो बघितलास?" ताई म्हणाल्या. मी मोठं करून पाहिलं. लेबलाचा खालचा उजवा कोपरा काचेपासून किंचित सुटला होता, केसभर उचललेला, आणि त्याखाली खिडकीच्या उजेडाची बारीक सावली पडली होती. मूळ फोटोत ती होती, म्हणून इथेही होती. "ती बाटली तुका घाईत दिल्लंय," त्या म्हणाल्या. "उद्या नीट चिकटवलेली पाठवतंय, परत काढ."